आधी सगळ्यांसोबत, मग दोघंच

आवडणाऱ्या व्यक्तीला एकट्याने भेटायला बोलावणं जड जात असेल, तर आधी पाच-सहा जणांचा बेत आखा. चारच जण असले आणि त्यात एक जोडपं असलं, की उरलेले दोघं आपोआप जोडी ठरतात. नेमकं तेच टाळायचं असतं. त्या व्यक्तीच्या ओळखीचं निदान एक माणूस गटात हवं.

सिनेमा नको, तिथे बोलणंच होत नाही. फिरत पाहायचं प्रदर्शन उत्तम: दालनागणिक सोबत चालणारी माणसं बदलतात, आणि बोलणं थांबलं तरी पाहायला काहीतरी असतं. दोन तास पुरेत. संपायची वेळ आधीच सांगा. मनातली गोष्ट मात्र सगळ्या मित्रांना सांगू नका. ते मुद्दाम तुम्हा दोघांना मागे सोडतात आणि समोरच्याला सापळ्यात अडकल्यासारखं वाटतं.

ती व्यक्ती स्वतःहून प्रश्न विचारत असेल, पुढच्या दालनातही शेजारी येत असेल, तर दोन-तीन दिवसांत त्याच गप्पांचा धागा धरून विचारा: "तू म्हणालीस ते छायाचित्रांचं प्रदर्शन शनिवारी पाहू या का, आपण दोघंच?" 'दोघंच' हा शब्द गाळू नका, नाहीतर ती मैत्रिणीला घेऊन येईल. "सगळेच जाऊ या" असं उत्तर आलं, तर तो सौम्य नकार समजा आणि पुन्हा विचारू नका.