ब्रँडचा मरून दर चित्रात तोच हवा असेल तर

सोलापुरी चादरींच्या दुकानासाठी एआयकडून पोस्टची चित्रं करून घेताना नुसतं ‘मरून’ लिहिलं, की एकदा विटकरी येतो, एकदा वांगी. मरून म्हणजे एक रंग नव्हे, छटांचा अख्खा गठ्ठा. त्यातली कुठली घ्यायची ते मॉडेल दर वेळी नव्याने ठरवतं. त्यात ‘संध्याकाळचा उजेड’ मागितलात तर वरून पिवळाही चढतो.

१. लोगोच्या मूळ फाइलवर एडिटरमधला रंग उचलणारा आयड्रॉपर टेकवून हेक्स कोड, म्हणजे # ने सुरू होणारा रंगाचा क्रमांक, घ्या. बोर्डाच्या फोटोवरून नको.

२. रंग कुठे हवा तेही सांगा आणि ओळ दर वेळी जशीच्या तशी चिकटवा:

```
खालची पट्टी: #7B1E3A, सपाट रंग, सावली नाही, पांढरा उजेड
```

३. आलेल्या चित्रात पट्टीवर पुन्हा आयड्रॉपर लावा. कोडने रंग जवळ येतो, तंतोतंत येईलच असं नाही. #9A3B2E निघालं, तर एडिटरमध्ये पट्टी निवडून मूळ कोडने भरा. चादरीच्या घडीवर मात्र मोजू नका, तिथे सावली असणारच.

लोगो चित्रात मागूच नका, मागाहून वर ठेवा.

हेक्स हा स्क्रीनचा रंग. फ्लेक्स छापताना शाईत तो बदलतो, तेव्हा आधी छोटा नमुना काढून घ्या.