आग विझल्यानंतर घरात परतताना

अग्निशमन दलाने परवानगी दिल्याशिवाय घरात पाऊल ठेवू नये. ती मिळाल्यावरही छत मध्येच झुकले आहे का, भिंतीला नवी तिरपी भेग आहे का, हे आधी दारातूनच पाहावे, कारण पाणी शोषलेले छत नंतरही कोसळू शकते. मेन स्विच स्वतः चालू करू नये. वायरचे आवरण भिंतीच्या आत वितळलेले असू शकते आणि ते इलेक्ट्रिशियनलाच तपासता येते.

खरी चूक होते ती काजळी काढताना. समजा, आग स्वयंपाकघरात लागली आणि शेजारच्या खोलीची भिंत काळी पडली, तर लगेच ओले फडके फिरवल्यास तेलकट काजळी रंगात मुरते आणि डाग सहसा निघत नाही. म्हणून एन-९५ मास्क व हातमोजे घालून आधी कोरड्या रबरी स्पंजने, न घासता, वरून खाली एकाच दिशेने पुसावे, स्पंजची बाजू काळी झाली की ती बदलावी आणि मगच साबणाच्या पाण्याने धुवावे. धुताना मात्र खालून वर जावे, म्हणजे ओघळांचे पट्टे उमटत नाहीत.

उघडे किंवा प्लास्टिकमधले अन्न, आगीच्या झळीने तापलेले डबाबंद पदार्थ आणि वीज जाऊन 4 तासांहून अधिक काळ लोटल्यास फ्रिजमधले नाशवंत पदार्थ, वास चांगला असला तरी, टाकून द्यावेत.