अडकलेला व्हॉल्व्ह कोअर काढण्याआधीची तयारी

सगळ्यात आधी व्हॉल्व्ह नीट बघा, टूल शोधायचं काम नंतरचं. साध्या काळ्या सायकलीचा जुना व्हॉल्व्ह असेल, म्हणजे आत रबरी नळी आणि वर बोटांनी फिरवायचा नट, तर इथली यादी तुमच्यासाठी नाही. तो व्हॉल्व्ह हातानेच निघतो. मोटारसायकलसारखा जाड श्रेडर व्हॉल्व्ह असेल तर कोअर, म्हणजे व्हॉल्व्हमधला हवा अडवणारा भाग, आत बुडालेला असतो आणि त्याला दोन दातांची चावी लागते. ती कुठल्याही पंक्चरवाल्याकडे मिळते. दात मधल्या पिनेच्या दोन्ही बाजूंनी खाली बसले की फिरवायचं, एवढंच. खरी डोकेदुखी असते ती बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हची, त्यातही ट्यूबलेस टायरमधल्या, म्हणून पुढचं सगळं त्याच्याबद्दल.

प्रेस्टाचा छोटा नट उघडा आणि त्याच्या खालच्या भागाकडे उजेडात बघा. दोन समोरासमोरच्या सपाट कडा दिसल्या तर कोअर सुटा आहे. टूलची खाच याच कडांवर बसते. कडा नसतील, सगळा भाग गोलच असेल, तर कोअर निघणाराच नाही. ट्यूबवाल्या बऱ्याच स्वस्त टायरांत असं असतं, आणि तिथे जोर लावला तर ट्यूबच्या मुळाशी चीर जाते. त्या जागी पॅच टिकत नाही.

आता कोअर अडकलाय कशाने ते ठरवा, कारण उपाय त्यावर अवलंबून आहे. एक नेहमीचा प्रकार घेऊ. 29 इंची चाकाची माउंटन बाइक, पावसाळ्याआधी टायरात सीलंट, म्हणजे भोकं आतून बुजवणारं द्रव, ओतलेलं, आणि दिवाळीत सायकल बाहेर काढली. पंप लावला की काटा झटकन 60 पीएसआयवर जातो, पण टायर अंगठ्याने सहज दबतो. म्हणजे हवा आत जातच नाहीये, काटा फक्त पंपाच्या नळीतला दाब दाखवतोय. कोअरच्या तोंडाशी सीलंट सुकून बुच बसलंय. कडेला रबरासारखी पापडी दिसत असेल तर आट्यांमध्येही तेच शिरलंय असं समजा. याउलट पांढरी-हिरवी भुकटी दिसली तर धातू गंजलाय. कोअर बहुधा पितळेचा असतो, तो ज्यात बसतो ती व्हॉल्व्हची नळी म्हणजे देठ अनेकदा अ‍ॅल्युमिनियमचा, आणि ओल व खारी हवा मिळाली की या दोघांच्या जोडावर गंज धरतो. समुद्रकाठच्या गावांत हे जास्त बघायला मिळतं. पापडीवर गरम पाणी चालतं. गंजावर आट्यांपाशी पातळ तेलाचा एकच थेंब सोडून तासभर थांबावं, आणि टायरवर ओघळलेलं तेल लगेच पुसावं, कारण खनिज तेलाने रबर फुगतं.

काम सुरू करण्याआधी हाताशी काय हवं? धातूचं कोअर टूल, आणि त्याची खाच कडांवर हलली नाही पाहिजे. प्लॅस्टिकचं टूल सीलंटच्या बाटलीबरोबर फुकट येतं आणि ते नव्या कोअरसाठी ठीक आहे, पण अडकलेल्यावर त्याची खाच पसरते आणि कडा गोल होतात. नवा कोअर आधीच आणून ठेवा. जुना वाचेल या आशेवर बसू नका, तो वाचवायची धडपड केली की देठ जातो. सोबत दोन जुनी फडकी, एक कप गरम पाणी, कापसाची काडी आणि मार्कर पेन ठेवा. टायर रिमपासून सुटला तर परत बसवण्यासाठी जोरदार पंप किंवा कॉम्प्रेसरची सोय आणि साधारण 100 मिली सीलंटही लागेल.

चाक असं फिरवा की व्हॉल्व्ह सगळ्यात वर येईल, आणि काही मिनिटं तसंच राहू द्या. आत ओलं सीलंट उरलं असेल तर ते खाली जाईल आणि कोअर निघताना तुमच्या अंगावर येणार नाही. देठातले चार थेंब तरी हबकडे ओघळतील. डिस्क ब्रेक असेल तर रोटरवर फडकं टाका, कारण त्यावर सीलंट सांडलं तर ब्रेक पकडत नाही.

मग हवा. पिन दाबा आणि सगळी जाऊ द्या. बुच इतकं घट्ट असेल की हवा निघतच नाही, तर टायर भरलेला आहे असं धरून चाला. तोंड बाजूला ठेवा, कोअरवर फडकं धरा आणि सैल झाला की पाव-पाव फेऱ्याने थांबत जा. आट्यांतून फुस्स ऐकू आलं की तिथेच वाट बघा. दाबाखाली मोकळा झालेला कोअर उडून कोपऱ्यात जातो तो सापडत नाही. हवा गेल्यावर वरचा छोटा नट बंद करा. त्याखालची पिन बारीक असते, आणि टूल जरा तिरकं झालं की वाकते.

मार्करने एक रेघ ओढा, देठ, त्याला रिमवर आवळून धरणारा लॉकनट आणि रिम तिन्हींवरून सलग. ही तयारी लोक सोडून देतात आणि इथेच फसतात. टूल फिरतंय असं वाटतं, पण कोअर नाही, अख्खा देठ फिरत असतो. रेघ तुटली की कळतं. हाताला जाणवतंही: कोअर सुटतो तेव्हा बारीक टक् होऊन मग सैलपणा येतो, देठ फिरत असेल तर रबर ताणल्यासारखा दाब येऊन परत मागे येतो. देठ फिरला तर टायर एका बाजूने रिमवरून उतरवून आतून त्याचा तळ हाताने धरावा लागेल.

दिशेचा घोळ आधीच मिटवा. कोअर घड्याळाच्या उलट दिशेने सुटतो, पण व्हॉल्व्हच्या टोकाकडून, म्हणजे हबच्या बाजूने बघितल्यावर. चाकाच्या वरून वाकून बघत असाल तर डावं-उजवं उलटं होतं. शंका असेल तर नवा कोअर तसाच उलटा धरून हवेत फिरवून बघा.

गरम पाण्यात भिजवलेलं, हाताला सोसेल इतपत गरम फडकं देठाभोवती पाच मिनिटं गुंडाळा. लायटर नको. टूल कडांच्या खालपर्यंत नेऊन बसवा, दुसऱ्या हाताने देठ धरा आणि आधी अगदी किंचित आवळायच्या दिशेने ढकला. पापडीची पकड त्याने तुटते, मग उलट फिरवा. एकदा नाही जमलं तर फडकं पुन्हा गरम करून दुसऱ्यांदा करा. कडा गोल व्हायला लागल्या तर टूल बाजूला ठेवा आणि छोटा पाना त्याच कडांवर घट्ट लावून बघा, पक्कड आट्यांवर नको. तरीही हलला नाही, किंवा कोअर मधेच तुटून आत राहिला, तर लॉकनट सोडून सगळा ट्यूबलेस व्हॉल्व्हच बदला. रिमला काहीच होत नाही, आणि नवा व्हॉल्व्ह टायरच्या मानाने कितीतरी स्वस्त असतो.

कोअर निघाला तर कापसाच्या काडीने देठाच्या आतल्या आट्या पुसून काढा, सीलंटचे गोळे आत ढकलू नका. नवा कोअर बोटांनी शेवटपर्यंत फिरवा आणि मग टूलने जेमतेम आवळा.