ट्राय-फोल्ड ब्रोशर: तीन मिलिमीटरने माझे दोन महिन्यांचे पैसे खाल्ले

डीटीपीला लागून मला आठ महिने झाले होते तेव्हाची गोष्ट. कोरल येत होतं, इनडिझाईन बऱ्यापैकी येत होतं, लग्नपत्रिका, हँडबिल, व्हिजिटिंग कार्ड डोळे मिटून करत होते, त्यामुळे ट्राय-फोल्डचं काम आलं तेव्हा वाटलं की यात काय, ए४ आडवा घ्यायचा आणि तीन भाग करायचे. तुम्हालाही आत्ता तसंच वाटत असेल तर हे वाचाच.

काम होतं शिरूरच्या पुढे नगर रोडला असलेल्या एका कृषी पर्यटन केंद्राचं. हुरड्याचा सीझन तोंडावर आलेला, हजार ब्रोशर हवे होते. केंद्राच्या दादांनी व्हॉट्सअ‍ॅपवर वर्डची फाईल पाठवली, त्यात ८४० शब्द. ‘सगळं बसवा ताई, काही काढू नका.’ हे वाक्य तुम्हाला प्रत्येक कस्टमर म्हणणार आहे.

आधी माझी चूक सांगते, कारण बाकी सगळं सुधारता येतं, ही छापून झाल्यावर सुधारत नाही.

ए४ आडवा म्हणजे २९७ मिमी रुंद. तीन समान भाग केले तर ९९ चे होतात. पण आपल्याकडे जी नेहमीची घडी असते, म्हणजे उजवीकडचा पॅनल आत दुमडायचा आणि त्याच्यावर डावीकडचा, त्यात आत जाणारा पॅनल थोडा लहान लागतो, नाहीतर तो घडीत अडकून फुगतो आणि ब्रोशर चपटं बसतच नाही. म्हणून १००, १०० आणि आत जाणारा ९७. (समान ९९ चालतात ते झेड घडीला, पंख्यासारखी दुमडतात तिला, कारण तिच्यात कुठलाच पॅनल दुसऱ्याच्या पोटात जात नाही.) इथपर्यंत मला माहीत होतं. मी आतली बाजू आधी बनवली, डावीकडून १०० आणि २०० वर गाइडलाइन टाकल्या, सगळं छान बसवलं, मग पेज डुप्लिकेट केलं, मजकूर उडवला आणि त्याच गाइडवर बाहेरची बाजू बनवली.

इथेच मेले.

कागद उलटला की डावं उजवीकडे जातं हो. आतून बघताना आत जाणारा ९७ चा पॅनल सगळ्यात उजवीकडे असतो, पण तोच कागद बाहेरून बघा, तो सगळ्यात डावीकडे येतो. म्हणजे बाहेरच्या बाजूचा क्रम डावीकडून असा लागतो: ९७ चा आत जाणारा फ्लॅप, मग १०० चा मागचा म्हणजे संपर्काचा पॅनल, मग १०० चं कव्हर. गाइड ९७ आणि १९७ वर. आतल्या बाजूच्या गाइड १०० आणि २०० वर. या घडीत दोन बाजूंच्या गाइड कधीच सारख्या नसतात, आणि पेज डुप्लिकेट करणाऱ्या प्रत्येकाच्या त्या सारख्या येतात.

बाइंडरने घडी बरोबर घातली, ९७ आणि १९७ वरच. पण माझा संपर्काचा हिरवा पॅनल १०० ते २०० छापलेला. परिणाम काय, तर कव्हरवर ज्वारीच्या कणसाचा मस्त फोटो आणि त्याच्या डाव्या कडेला, अगदी घडीपाशी, वरपासून खालपर्यंत तीन मिलिमीटरची हिरवी पट्टी. हजारच्या हजार कॉप्यांवर. तीन मिलिमीटर ऐकायला काहीच वाटत नाही, पण कव्हरवर ती पट्टी सोडून दुसरं काही दिसतच नाही.

बाइंडर म्हणाला घडी सरकवून देतो, १०० आणि २०० वर घालतो. एक घालून बघितली. कव्हर सुधारलं, पण आत जाणारा पॅनल आता कव्हरपेक्षा मोठा झाला आणि बाहेर डोकवायला लागला, आणि वर आतली बाजू, जी मी बरोबर केली होती, ती बिघडली, मधल्या पॅनलचा रंग दरपत्रकाच्या पॅनलवर आला. घडी एकच असते, ती दोन्ही बाजूंना एकदमच सरकते. शेवटी सगळं पुन्हा छापलं आणि ते पैसे माझ्या दोन महिन्यांच्या पगारातून वळते झाले. आमच्या डीटीपीच्या मालकांचं चुकलं असं नाही म्हणणार, पण ‘बघितलंस ना नीट?’ एवढंच विचारून फाईल पुढे पाठवणाऱ्याला मी शिकवणारा म्हणत नाही.

शिकवलं ते शेजारच्या प्रेसमधल्या काकांनी. त्यांनी रद्दीतला एक ए४ घेतला, घडी घातली, बंद असतानाच पेनाने समोर ‘कव्हर’ लिहिलं, उलटून ‘संपर्क’, उघडून जो दुमडलेला दिसतो त्यावर ‘फ्लॅप’, तो उघडून आत १, २, ३. मग कागद सपाट केला आणि म्हणाले, आता ह्याच्याकडे बघून गाइड टाक. अर्ध्या मिनिटाचं काम. त्यानंतर मी डमी केल्याशिवाय फाईलच उघडत नाही.

आणि ते नेटवरचे फुकटचे टेम्प्लेट. माझं स्पष्ट मत आहे, शिकताना वापरू नका. कितीतरी अमेरिकन लेटर साईझचे असतात, २७९ बाय २१६ मिमी, ते ए४ वर ताणले की घडीची मापं गेलीच, आणि बऱ्याच ठिकाणी सरळ तीन समान भाग असतात. अजून एक, काही जण ब्लीड, म्हणजे कापताना जाणारी कडेबाहेरची जादा छपाई, धरून पेजच ३०३ बाय २१६ चं बनवतात आणि गाइड त्या ब्लीडच्या कडेपासून मोजतात, म्हणजे परत तेच तीन मिलिमीटर सरकले. पेज २९७ बाय २१० च ठेवा, ब्लीड बाहेर ३ मिमी वेगळा द्या.

घाबरू नका पण, माप एकदा बसलं की पुढचं काम खरंच मजेचं आहे. मजकूर बसवणं.

आधी मोजा की जागा किती आहे. १०० च्या पॅनलमध्ये दोन्हीकडे ८ मिमी सोडले की ८४ मिमीची ओळ उरते, वर-खाली १२ सोडले तर उंची १८६. अक्षर साडेदहा पॉइंट आणि लीडिंग, म्हणजे एका ओळीपासून पुढच्या ओळीचं अंतर, १५ पॉइंट धरलं तर साधारण ३५ ओळी बसतात, ओळीत सहाएक मराठी शब्द. गच्च भरलं तर दोनशे शब्द होतील, पण हेडिंग, मोकळी जागा, एखादा फोटो धरला की वाचावासा वाटेल असा पॅनल शंभरच्या आसपासच राहतो. हा हिशोब मी दादांसमोर कागदावर मांडला, तेव्हा कुठे ते कापायला तयार झाले. ‘जास्त आहे’ म्हटलं की कस्टमर वाद घालतो, ‘पस्तीस ओळी आहेत, तुम्हीच निवडा’ म्हटलं की निवडतो.

नवीन माणूस काय करतो? (मीच केलं होतं.) फॉन्ट नऊवर आणतो, लीडिंग अकरावर. इंग्रजीत हे एकवेळ खपतं. मराठीत वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांत घुसतात, रफार कुठला आणि ऋकार कुठला कळत नाही. दुसरा उद्योग म्हणजे जस्टिफाय करणं. ८४ मिमीच्या ओळीत ‘निवासव्यवस्थेसाठी’ असा एक शब्द आला की तो खालच्या ओळीत जातो आणि वरच्या ओळीत दात पडल्यासारखी भोकं दिसतात. डावीकडे लावून मोकळं सोडा, बास.

तर ८४० चे ३९० कसे झाले. दादांचं वाक्य होतं, ‘आमच्या येथे निसर्गाच्या सान्निध्यात शहराच्या धकाधकीच्या जीवनापासून दूर येऊन आपल्या परिवारासमवेत व मित्रमंडळींसमवेत हुरड्याचा मनमुराद आस्वाद घेता येईल.’ अठरा शब्द आणि हुरड्यासोबत खायला काय मिळणार ते त्यात नाहीच. त्याचं केलं ‘शेतात बसून गरम हुरडा, सोबत लसणाची चटणी, गूळ आणि ताक.’ दहा शब्द. असंच पूर्ण फाईलभर.

मग पॅनलवाटप. कव्हरला फोटो, नाव आणि एक ओळ, पंधरा शब्दांच्या वर नाहीच. दादांना कव्हरवर फोन नंबरही हवा होता, मी नाही टाकला, त्यासाठी मागे अख्खा पॅनल आहे.

आता फ्लॅप, इथे क्रम समजून घ्या. कव्हर उघडलं की वाचणाऱ्याला आतला सगळा मजकूर एकदम दिसत नाही, डावीकडे आतला १ नंबर दिसतो आणि उजवीकडे फ्लॅप. म्हणजे ही दोघं शेजारी. मी पहिल्या खेपेला १ नंबरमधला दिवसभराचा कार्यक्रम पुढे २ नंबरमध्ये चालू ठेवला होता, ‘दुपारी जेवणानंतर’ इथे पॅनल संपला आणि शेजारी फ्लॅपवर होतं ‘ग्रुप बुकिंगसाठी सूट’. वाचताना ते सलग वाचलं जातं! म्हणून १ नंबरचा मजकूर तिथेच संपला पाहिजे. दुसऱ्या खेपेला १ मध्ये ठिकाण आणि हुरडा, पंचाण्णव शब्द, फ्लॅपवर शाळा आणि ऑफिसच्या ग्रुपची माहिती, सत्तर शब्द, मग फ्लॅप उघडल्यावर २ मध्ये सकाळ ते संध्याकाळचा कार्यक्रम, एकशेदहा, आणि ३ मध्ये दरपत्रक, साठ. लक्षात ठेवा ३ नंबर ९७ चा आहे, तिथे ओळ ८१ मिमीचीच मिळते, टेबल त्या मापाने करा.

संपर्काच्या पॅनलला चाळीस शब्द. फोन सगळ्यात मोठा. पत्त्यापेक्षा खुणेचा नकाशा कामाचा, हायवेवरून कुठल्या पंपाशी वळायचं तो. क्यूआर कोड दोन सेंटिमीटरपेक्षा लहान नको, भोवती पांढरी जागा हवी, आणि घडीपासून लांब.

कागद १७० जीएसएमचा असेल तर घडीआधी क्रीझिंग, म्हणजे घडीच्या रेघेवर दाबून खाच, करायला सांगा, नाहीतर गडद रंग घडीवर तडकून पांढरी रेघ येते.

फाईल पाठवायच्या आधी साध्या प्रिंटरवर दोन्ही बाजू काढा, प्रिंटच्या सेटिंगमध्ये Flip on short edge घ्या, नाहीतर मागची बाजू उलटी येते. घडीच्या गाइड बारीक रेघा म्हणून प्रिंटमध्ये येऊ द्या. मग तो कागद खिडकीशी उजेडासमोर धरा. पुढच्या आणि मागच्या रेघा एकमेकांवर आल्या, किंवा प्रिंटरच्या ओढाताणीने केसभर इकडेतिकडे झाल्या, तर ठीक. तीन मिलिमीटरच्या अंतराने दोन-दोन रेघा दिसल्या तर तुम्ही पेज डुप्लिकेट केलंय.