जुनी रिंगटोन नुसत्या गुणगुणण्यावरून कशी शोधायची

नवी पेठेत मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे माझं, आणि शनिवारी भजनाला पेटी वाजवतो, त्यामुळे "दादा, ती एक ट्यून होती बघा" म्हणत येणारी माणसं माझ्याच नशिबी. आधी एक सांगतो, म्हणजे तुमचा वेळ वाचेल. गूगलला गुणगुणून दाखवा असं जो तो सांगतो. ते गाण्यांसाठी आहे, तिथं रिंगटोन म्हटली की कुठलं तरी भलतंच गाणं समोर येतं. शझाम तर मूळ रेकॉर्डिंगच ओळखतं, तुमचा गळा नाही. आणि युट्युबवर "ओल्ड रिंगटोन्स" टाकून तासाभराचा व्हिडिओ ऐकत बसणं हा सगळ्यात वाईट सल्ला, कारण पंधराव्या ट्यूननंतर डोक्यातली मूळ ट्यूनच पुसली जाते. शोधायला बसाल तेव्हा दुसरी एकही ट्यून ऐकू नका, आधी डोक्यात आहे ती कागदावर उतरवा.

मागच्या पावसाळ्यातलं एक गिऱ्हाईक सांगतो, म्हणजे रीत कळेल. अक्कलकोट रोडकडच्या एक ताई आल्या. त्यांचे अण्णा यंत्रमाग कारखान्यात होते, आता नाहीत. अण्णांच्या फोनची रिंग त्यांना स्वतःच्या फोनवर हवी होती. फोन कधीच भंगारात गेलेला, ट्यूनचं नाव माहीत नाही, आठवतंय फक्त "टिं टिडिं टिडिं टिडिंऽ".

पहिलं काम फोनची कंपनी आणि जमाना काढायचा. मॉडेल विचारू नका, कुणाला आठवत नसतं, फोन दिसायला कसा होता ते विचारा. ताई म्हणाल्या गडद निळा, अँटेना बाहेर नाही, स्क्रीनच्या खाली मधोमध एकच लांबट बटण. म्हणजे नोकिया ३३१०, २००० साली आलेला. आता या फोनात एका वेळी एकच स्वर वाजतो, साथीला ठेका नाही की दुसरा स्वर नाही. हे कळलं की अर्धं काम झालं, कारण माणसाला आठवणारी सुरावट आणि फोनात वाजणारी सुरावट एकच. नंतरच्या पॉलिफोनिक फोनांत असं नसतं, तिथं तीन-चार वाद्यं एकदम वाजतात आणि लोक बऱ्याचदा मुख्य चाल सोडून मागचा ठेका गुणगुणतात. तसला फोन असेल तर "याच्या मागं अजून काही वाजत होतं का" हे विचाराच. चायना फोन असेल तर कंपनीच्या नावावर फार विसंबू नका, वेगवेगळ्या नावाच्या फोनांत आतला बोर्ड सारखाच असायचा आणि ट्यूनाही त्याच.

आता अवघड टप्पा, स्वर लिहून घेण्याचा. इथं मी दोनेक वर्षं ठेचा खाल्ल्यात. गिऱ्हाईक गुणगुणायचं, मी पेटीवर बोटं फिरवून सा रे ग लिहायचो, आणि ते शोधलं की काहीच सापडायचं नाही. मला वाटायचं माझा कान कच्चा आहे. कान बरोबर होता, चुकत होता समोरच्याचा गळा. फोनचा बझर कितीही वर जातो, दीड सप्तकाची उडी सहज मारतो. साध्या माणसाला तेवढं गाता येत नाही, मग तो काय करतो, उडी लहान करतो नाहीतर खालचा स्वर एकदम वरच्या सप्तकात उचलून घेतो, आणि हे त्याचं त्याला कळतसुद्धा नाही. ताईंचंच बघा, शेवटचा स्वर खूप खाली जातो, तो त्यांच्या गळ्यात बसेना म्हणून त्यांनी तो वर घेतला. मी तसाच लिहिला असता तर गेलं सगळं.

म्हणून पहिल्या फेरीत स्वर लिहूच नका. फक्त चढउतार लिहा, प्रत्येक स्वर आधीच्या स्वरापेक्षा वर, खाली की तोच. आणि तोंडानं नाही, हातानं दाखवायला सांगा. गळा खोटं बोलतो पण हात बोलत नाही, हे मी शंभर वेळा पाहिलंय. ताई गुणगुणताना शेवटी वर गेल्या पण हात मात्र सरळ टेबलाकडे खाली आला. मी हातावर विश्वास ठेवला.

दुसरी गोची भाषेची. "आवाज मोठा होतो" म्हणजे आपल्याकडे सूर चढतो असंही असतं आणि जोरात वाजतो असंही. "वाढला", "चढला", सगळ्याचे दोन दोन अर्थ. तेव्हा शब्द विचारू नका, पेटीवर दोन स्वर वाजवा आणि विचारा, यातलं कुठलं. आणि कृपा करून "असंच ना?" असं कधी विचारू नका, माणूस भिडेखातर हो म्हणतो. मी मुद्दाम एक चुकीचं वाजवतो, त्यालाही हो आलं की समजायचं आता हे दमले, चहा सांगायचा आणि दहा मिनिटांनी परत बसायचं.

ताईंचा चढउतार असा निघाला: वर खाली खाली, वर खाली खाली, वर खाली खाली. म्हणजे एकूण दहा स्वर, पहिला धरून. तोच साचा तीनदा आला की ही कुणीतरी नीट बांधलेली रचना आहे हे ओळखायचं, आठवणीत गोंधळ झाला असता तर असा साचा पडला नसता. सवय करायची असेल तर नोकियाची ती प्रसिद्ध ट्यून घ्या, तेरा स्वरांची: खाली खाली वर वर, आणि हेच तीनदा. सरगम केली तर प म, खालचे ध नी, ग रे, खालचे म प, रे सा, खालचे ग प, आणि शेवटी सा. स्पेनच्या फ्रांसिस्को तारेगाच्या १९०२ सालच्या गिटारच्या वॉल्ट्झमधला तुकडा आहे तो. हा कागदावर बरोबर उतरवता आला की मगच दुसऱ्याच्या डोक्यातली ट्यून काढायला जा.

चढउतार पक्का झाला की वेग. मिनिटाला किती ठोके, ते बीपीएम वगैरे नंतर, आधी लांब कुठला आणि आखूड कुठला ते पाहिजे, आणि त्याला तबल्याचे बोल सगळ्यात बरे. ताईंच्या ट्यूनला "धा तिट धा तिट धा तिट धाऽ" हे बरोब्बर बसलं, धा जेवढा तेवढ्यात तिटचे दोन, आणि शेवटचा धा दुप्पट. मग फोनच्या रेकॉर्डरवर घेऊन मोजलं तर दहा स्वरांना चार सेकंद लागले. इथंही फसू नका, आठवून आठवून म्हणताना माणूस हळूच म्हणतो. मी टेबलावर बोटानं एकदा तेवढ्याच वेगात वाजवलं, मग दुप्पट वेगात, आणि दुप्पटला त्या लगेच "हां हे, हे, अण्णा जिन्यावरनं पळत यायचे" म्हणाल्या. म्हणजे दोन सेकंदांत दहा स्वर, बऱ्यापैकी घाईची ट्यून.

आता कुठं स्वर. चढउतार आणि ताल हातात असला की पेटीवर स्वर बसवणं पाच मिनिटांचं काम. तार सा, तार कोमल ग, परत तार सा, प, तार सा, प, कोमल ग, प, कोमल ग, आणि मधला सा. नुसते सा ग प फिरताहेत, ग कोमल. कुठली पट्टी याची फिकीर करू नका, अंतरं बरोबर असली की झालं.

शोधायचं कसं ते सोपं. म्युझिपीडिया नावाची साईट आहे, तिच्यात चढउतार टाकून शोधता येतं. वरला यू, खालीला डी, तोच स्वर परत आला तर आर, आणि पहिल्या स्वराला `*`. याला पार्सन्स कोड म्हणतात, डेनिस पार्सन्सनं १९७५ मधे या पद्धतीवर चालींचा आख्खा कोश काढला होता. ताईंचा कोड:

```
*UDDUDDUDD
```

दहा स्वरांवर भरपूर निकाल येतात, घाबरायचं नाही, प्रत्येकाला "धा तिट" लावून बघायचं आणि न बसणारे सोडून द्यायचे. ताईंची निघाली जर्मन संगीतकार बाखच्या दुसऱ्या ऑर्केस्ट्रा सुइटमधली बासरीची शेवटची चाल, आणि ३३१० च्या रिंगटोनच्या यादीत ती `Badinerie` या नावानं होती. पण ही साईट जुन्या पाश्चात्त्य आणि लोकसंगीताच्या चालींना चांगली, कंपनीनं स्वतः बनवून घेतलेली ट्यून तिथं मिळणार नाही. तसं असेल तर त्या मॉडेलची यादी काढून एकेक ट्यून आपल्या कागदाशी ताडून बघायची, दुसरा रस्ता नाही. अँड्रॉइड फोन हाताशी असेल तर त्यात यूएसबी डिबगिंग चालू करून तो केबलनं कॉम्प्युटरला जोडा, कॉम्प्युटरवर adb टाकलेलं असलं की त्यातल्या फाईली अशा दिसतात, नव्या फोनात `system` च्या जागी `product` टाकून बघा:

```
adb shell ls /system/media/audio/ringtones
adb shell ls /system/media/audio/notifications
```

मेसेजच्या टोनला चढउतार पुरत नाही, दोन-तीन स्वरांत काय कळणार. तिथं कंपनी आणि ताल हेच धरायचे. नोकियाचा तीन आखूड, दोन लांब, तीन आखूड, एकाच स्वरात, हा मोर्समधे चक्क एसएमएस लिहिलेला आहे. आयफोनचा जुना `Tri-tone` म्हणजे सा, प, वरचा सा.

शेवटी खात्री करायची ती त्याच फोनवर. युट्युबवरची बासरी ताईंना ऐकवली तर त्यांनी मानच हलवली, ही नाही म्हणाल्या. चाल तीच, पण अण्णांच्या फोनचा तो कर्कश बझर नव्हता ना, आणि मागाच्या खटखटीत ऐकू यावी म्हणून तर अण्णांनी हीच लावली असणार. मग माझ्या खोक्यातला एक जुना ३३१० चालू केला, `Tones` मधे जाऊन लावली, आणि दुसऱ्या फोनच्या रेकॉर्डरवर घेतली. रेकॉर्ड करताना माईक स्पीकरला चिकटवू नका, फाटका आवाज येतो, वीतभर लांब धरा. ताई दुकानातच ती लावून घेऊन गेल्या, आणि पायरी उतरायच्या आत त्यांनी भावाला फोन करून सांगितलं, "मला मिस कॉल दे रे."