वणव्यावरचं दीर्घोत्तर: या चुका टाळा

«वणव्यांची नैसर्गिक व मानवी कारणे सांगून त्यांची परिसंस्थेतील भूमिका आणि व्यवस्थापन स्पष्ट करा.» पंधरा गुण, अडीचशे शब्द. मुंबईत एमपीएससी-यूपीएससीची तयारी करणाऱ्यांच्या सराव वह्यांमध्ये या प्रश्नाची उत्तरं ओळीला ओळ सारखी असतात, कारण सगळ्यांनी एकाच नोट्स घोकलेल्या असतात. त्या उत्तरांतला वणवा कुठल्याच जंगलात लागलेला नसतो. कोणत्या महिन्यात, काय जळलं, ठिणगी कोणाची, यातलं काहीच सापडत नाही. खालच्या बहुतेक चुका याच एका दुखण्यातून निघतात.

वीज आणि बांबू

कारणांचा परिच्छेद हमखास असा सुरू होतो: «वीज पडणे, बांबूंचे घर्षण, ज्वालामुखी ही नैसर्गिक कारणे होत.» मग मानवी कारणांना एक ओळ उरते आणि तिच्यात सिगारेट येते. भारताविषयी लिहिताना हे प्रमाण उलटं हवं. आपल्याकडचे जवळपास सगळे वणवे माणसाच्या हातून लागतात.

यामागचं कारण हवामानात आहे आणि ते दोन वाक्यांत लिहिता येतं. आपलं जंगल फेब्रुवारी ते मे या काळात सुकतं. त्या काळात वीज पडते ती बहुधा वळवाच्या सरीसोबत, म्हणजे ठिणगी पडते तेव्हाच खालचा पाचोळा भिजलेला असतो. कॅनडाच्या उत्तरेकडच्या सूचिपर्णी जंगलांत कोरडी वादळं होतात, वीज पडते पण पाऊस जमिनीपर्यंत फारसा पोचत नाही. तिथे जळणाऱ्या क्षेत्राचा मोठा वाटा विजेच्या नावावर जातो. म्हणून वीज हे कारण लिहा, पण कुठलं ते सांगून लिहा. बांबूच्या घर्षणाला स्वतंत्र मुद्दा देऊ नका. ही समजूत पिढ्यानपिढ्या चालत आली असली तरी प्रत्यक्ष तपासात वणव्याची सुरुवात रस्ता, पायवाट, शेताचा बांध किंवा मोहाच्या झाडाखालीच बहुधा सापडते.

इथे आणखी एक गोंधळ होतो. «उष्ण व कोरडे हवामान, वेगवान वारे» हेही नैसर्गिक कारण म्हणून लिहिलं जातं. हवामान आग लावत नाही, लागलेली आग पसरवतं. उत्तरात दोन वेगळी वाक्यं करा: ठिणगी कुठून आली आणि आग का पसरली. सागाची पानगळ, वाळलेलं गवत, दुपारी घटलेली हवेतली आर्द्रता, चढ हे सगळं दुसऱ्या वाक्यात जातं. एवढ्यानेच उत्तर इतरांपेक्षा वेगळं दिसतं, कारण पुढे व्यवस्थापनही याच दोन भागांत विभागता येतं: ठिणगी टाळणं आणि जळण तोडणं.

मानवी कारणं लिहिताना «स्थानिक लोकांचे अज्ञान» हा शब्दप्रयोग तर वहीतून कायमचा काढून टाका. आग लावणाऱ्याला आपण काय करतो ते नेमकं माहीत असतं. मोहाचं उदाहरण घ्या. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं पहाटे गळतात. फिकट पिवळसर फूल वाळलेल्या पानांत दिसत नाही, म्हणून झाडाखालचा पाचोळा आदल्या दिवशी जाळून जमीन साफ केली जाते. आग झाडाच्या घेरापुरतीच हवी असते, पण ती विझवायला कोणी थांबलं नाही तर दुपारच्या वाऱ्यावर पुढे सरकते. तेंदूपानांसाठी झुडपं जाळली की कोवळी पानं जोमाने फुटतात, गवत जाळलं की पहिल्या पावसानंतर गुरांना कोवळा चारा मिळतो, असा हिशेब असतो. ठाणे, पालघर, रायगडात भाताच्या रोपांसाठी राब भाजतात: जमिनीवर शेण, पालापाचोळा, गवत आणि माती यांचे थर देऊन पेटवतात. बांध जंगलाला लागून असेल आणि कडेचं गवत आधी काढलेलं नसेल, तर राबाची आग वर चढते.

कारण इतकं नेमकं लिहिलं की उपायही त्यातूनच निघतो. मोहाखाली जाळी अंथरली तर फूल जाळीवर पडतं आणि पाचोळा जाळायची गरजच उरत नाही. «जनजागृती करावी» या ओळीपेक्षा परीक्षकाला हे एक वाक्य जास्त पटतं.

परिसंस्थेतील भूमिका: पाठ केलेला पाइन

इथे दोन टोकं दिसतात. निम्म्या वह्यांत वणवा म्हणजे निव्वळ विनाश. उरलेल्या निम्म्यांत अमेरिकेतला लॉजपोल पाइन असतो: त्याची शंकूफळं राळेने बंद असतात, आगीच्या उष्णतेने राळ वितळते आणि बिया बाहेर पडतात. ही माहिती बरोबर आहे. 1988 मध्ये यलोस्टोन उद्यानाचा एक तृतीयांशाहून अधिक भाग आगीच्या कक्षेत आला आणि नंतर या पाइनची रोपं तिथे दाट उगवली. पण त्यावरून «म्हणून आग जंगलाला उपयुक्त असते» असं लिहून मोकळं होणं चूक आहे. पश्चिम घाटातल्या सदाहरित जंगलात असं झाड नाही. तिथल्या पातळ सालीच्या झाडांना जमिनीवरची हलकी आगसुद्धा मारते.

भूमिका ठरते ती आग किती वर्षांनी, कोणत्या महिन्यात आणि किती तीव्र लागते यावर. ही कसोटी आधी लिहा आणि उदाहरण मागून द्या. पानझडी जंगलात सागाची साल जाड असते आणि वरचा कोंब जळाला तरी मुळाजवळून नवा फुटतो. काही वर्षांतून एकदा आग लागली तर असं जंगल सावरतं. तीच आग दरवर्षी लागली तर मात्र गुडघाभर उंचीची रोपं पुन्हा पुन्हा मरतात. वरची झाडं उभी दिसतात म्हणून जंगल शाबूत वाटतं, पण त्यांची जागा घेणारी पिढीच तयार होत नाही. वेगवेगळ्या जाडीची झाडं न दिसणं ही वारंवार लागणाऱ्या आगीची खूण आहे.

भारतीय उदाहरण हवं असेल तर कर्नाटकातल्या बिळिगिरी रंगन डोंगरांतले सोलिगा आदिवासी सर्वांत उपयोगी. ते हंगामाच्या सुरुवातीलाच, जळण कमी असताना, पाचोळ्याची हलकी आग लावत. तिने झाडं मरत नसत आणि झुडुपं आटोक्यात राहत. 1974 मध्ये अभयारण्य झाल्यावर ही पद्धत बंद पडली. पुढे तिथे घाणेरी फोफावली. वाळलेली घाणेरी आगीला शिडीसारखी वर नेते, त्यामुळे नंतर लागणारी आग आधीपेक्षा उंच आणि तीव्र होते. घाणेरी पसरण्याला इतरही कारणं आहेत, तेवढं एक उपवाक्य जोडा, म्हणजे विधान एकांगी होत नाही.

«राखेमुळे माती सुपीक होते» हे अर्धवट वाक्य आहे. पोटॅशियम, कॅल्शियम, फॉस्फरस राखेत बऱ्याच अंशी राहतात, पण नायट्रोजनचा मोठा भाग वायूरूपाने उडून जातो. उतारावर राहिलेली राखही पहिल्या जोरदार पावसात ओढ्याला मिळते.

व्यवस्थापन म्हणजे हेलिकॉप्टर नव्हे

बंदीपूरमध्ये 2019 साली हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांनी पाणी टाकलं, हे सगळ्यांना पाठ असतं. ते शेवटचं साधन आहे. खरं काम डिसेंबरात सुरू होतं, पण तो भाग वाचायला कंटाळवाणा असल्यामुळे घाईची मंडळी तो गाळतात.

जाळरेषा म्हणजे ज्यावर जळण नाही असा पट्टा. महाराष्ट्रात वणव्याचा हंगाम 15 फेब्रुवारी ते 15 जून धरतात. त्याआधी पट्ट्यावरचं गवत कापायचं, वाळू द्यायचं आणि वारा पडलेला असताना, माणसं दोन्ही कडांना उभी करून ते जाळायचं. फसतं ते यानंतर. फेब्रुवारी-मार्चमध्ये साग पानं टाकतो आणि साफ केलेल्या रेषेवर पुन्हा पाचोळ्याचा थर बसतो. रेषा नकाशावर असते, जमिनीवर नसते. म्हणून तिची पुन्हा झाडलोट करावी लागते, हे वाक्य उत्तरात असलंच पाहिजे.

उपग्रहाबद्दल «इस्रोच्या मदतीने आग विझवली जाते» असं लिहू नका. भारतीय वन सर्वेक्षण मोडिस आणि व्हायर्स या संवेदकांच्या माहितीवरून उष्ण ठिकाणांचे इशारे पाठवतं. व्हायर्सचा एक ठिपका 375 मीटरचा असतो आणि तो संवेदक वाहणारा उपग्रह साधारण दुपारी दीड आणि रात्री दीडच्या सुमारास वरून जातो. दुपारी तीनला पेटून संध्याकाळी विझलेली गवताची आग त्याला दिसत नाही. म्हणून टेहळणी मनोरा आणि हंगामी फायर वॉचर लागतातच.

विझवण्याच्या भागासाठी मुंबईचं उदाहरण हाताशी आहे. डिसेंबर 2018 मध्ये गोरेगाव पूर्वेला आरेलगतच्या डोंगरावर मोठी आग लागली. महिना बघा: हंगाम कागदोपत्री सुरूही झाला नव्हता, पण डोंगरावरचं गवत ऑक्टोबरनंतरच वाळायला लागतं. अशा चढावर अग्निशमन दलाचा बंब पोचत नाही. तिथे हिरव्या फांद्यांनी आगीची कड झोडपणं, पुढचं गवत कापून पट्टा मोकळा करणं, आणि आग मोठी असेल तर अनुभवी माणसांनी तिच्या वाटेतलं जळण आधीच संपवायला समोरून उलटी आग सोडणं, हेच मार्ग उरतात. आग शमली तरी धुमसणारे ओंडके उकरून मातीने विझवावे लागतात, नाहीतर दुसऱ्या दिवशी दुपारी तीच आग पुन्हा उठते.

चढावर आग का पळते हेही सांगा. ज्वाळा चढाच्या बाजूला झुकतात आणि वरचं गवत आधीच तापवून सुकवतात. उतार दर दहा अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो. मार्च 2018 मध्ये तमिळनाडूतल्या कुरंगणीच्या डोंगरात ट्रेकर अशाच आगीत सापडले आणि 23 जणांचा जीव गेला. आगीच्या वरच्या अंगाला कधीही थांबू नये हा नियम याच भौतिकशास्त्रातून येतो.

लहान चुका

भारतीय वन अधिनियम 1927 चा नुसता उल्लेख करू नका. राखीव वनात आग लावण्यास कलम 26 ने मनाई आहे, आणि जंगलावर हक्क किंवा सवलती असणाऱ्यांनी आग विझवायला मदत करण्याचं बंधन कलम 79 मध्ये आहे.

«हवामान बदलामुळे वणवे लागतात» असं नव्हे. हंगाम लांबतो आणि जळण जास्त सुकतं, असं लिहा.

अग्नित्रिकोण काढलात तर प्रत्येक बाजूसमोर तिला तोडणारा उपाय लिहा: जळणासमोर जाळरेषा, ऑक्सिजनसमोर झोडपणं आणि माती, उष्णतेसमोर पाणी. कोरा त्रिकोण काढण्यात गेलेलं मिनिट कारणांच्या परिच्छेदाला द्या.