ईमेलचं टेम्प्लेट करताय? या चुका टाळा

प्रशिक्षण वर्गाच्या नोंदणीचं काम माझ्याकडे होतं. रोज तीच उत्तरं लिहायची, म्हणून टेम्प्लेट केलं आणि मेल आपुलकीचा वाटावा म्हणून पहिलं वाक्य टाकलं, ‘आपला मेल वाचून आनंद झाला.’ एकाने कळवलं, वडील दवाखान्यात आहेत, पुढच्या तुकडीत घ्याल का? मी टेम्प्लेट उघडलं, नाव आणि नवी तारीख भरली, पाठवून मोकळा. उलट एकच ओळ आली: ‘आनंद कशाचा झाला, तेवढं कळवा.’

तेव्हापासून टेम्प्लेटमध्ये मी भावना ठेवत नाही. तारीख, वेळ, लिंक, सोबत काय आणायचं, एवढंच त्यात असतं. पहिली ओळ रिकामी सोडतो आणि समोरचा मेल पुन्हा वाचून ती हाताने लिहितो. त्या माणसाला लिहायला हवं होतं, ‘वडिलांची तब्येत आधी बघा, तुमची जागा पुढच्या तुकडीत धरून ठेवली आहे.’ खालच्या सहा ओळी तयार मिळाल्या तरी ही एक ओळ लिहायचा ज्यांना कंटाळा, त्यांनी सरळ परिपत्रक काढावं.

दुसरी चूक खास मराठीतली. इंग्रजी टेम्प्लेट समोर ठेवून लोक अशी गाळलेली जागा करतात:

```
आपला [वस्तू] मिळाला. [विषय]बद्दल लवकरच कळवतो.
```

पहिल्या जागेत ‘अर्ज’ असेल तोवर ठीक. ‘फी’ आली की ‘आपला फी मिळाला’, आणि दुसऱ्या जागेत ‘आराखडा’ टाकला की ‘आराखडाबद्दल’. हे माणसाने लिहिलेलं नाही, हे कुणालाही तिथेच कळतं. नाम बदललं की लिंग बदलतं, प्रत्यय लागला की शब्दाचं रूप बदलतं. गाळलेल्या जागेला हे कुठून कळणार? म्हणून मी जागेला प्रत्यय चिकटू देत नाही:

```
आपण पाठवलेलं मिळालं: ###
पुढचं उत्तर ### या तारखेपर्यंत देतो.
```

वाक्य जरा कोरडं होतं, पण मोडत नाही. वाक्य असं फिरवलं की ‘आला होतात की आल्या होतात’ ही पंचाईतही बऱ्याचदा टळते.

चौकटी कंसाऐवजी ### का? कंस नजरेतून निसटतो. मी मेल ब्राउझरमध्ये लिहितो, तिथे पाठवण्याआधी Ctrl+F करून ### शोधायचं, एकही सापडता कामा नये. आणि To मधला पत्ता सगळ्यात शेवटी भरायचा. पत्ताच नसेल तर अर्धवट मेल जाणार कुठे?

नाव दुसरीकडून कॉपी केलं तर Ctrl+Shift+V ने चिकटवा. नाहीतर नावाचा फॉन्ट वेगळा दिसतो आणि बिंग फुटतं.

जुना पाठवलेला मेल फॉरवर्ड करून त्यालाच टेम्प्लेट म्हणणाऱ्यांबद्दल मी बोलत नाही. खाली आधीच्या माणसाचं नाव राहतंच.